ईश्वराला आधीच ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा? या वादातल्या चुका टाळा

पैगंबरांचा चुलता अबू लहब हा त्यांचा कडवा विरोधक. कुराणातली १११वी सुरा, म्हणजे अध्याय, त्याच्यावरच आहे: तो ज्वाळांच्या आगीत पडेल. ही सुरा मक्केतली, आणि तेव्हा तो जिवंत होता. बाराव्या शतकातला, अश्अरी या इस्लामी पंथाचा पंडित फख्रुद्दीन राझी यावर पेच मांडतो. अबू लहबवरही श्रद्धेची आज्ञा लागू होती, म्हणजे जे जे उतरलं ते सगळं खरं मानायचं. आगीत पडणार म्हणजे तो श्रद्धा ठेवणार नाही, आणि त्यात हेही आलं. मग त्याने नेमकं करायचं काय?

यावर वाद घालताना बहुतेकांचा पाय पहिल्याच पायरीवर घसरतो. 'ईश्वराला ठाऊक आहे की तो मानणार नाही, आणि ईश्वराचं ज्ञान चुकत नाही, म्हणून त्याला मानणं शक्यच नव्हतं.' इथे 'म्हणून' फार लवकर आलं. 'ईश्वराला अमुक ठाऊक असेल तर अमुक घडेलच' हे अख्खं वाक्य अटळ आहे. त्यातून एवढंच निघतं की तो मानणार नाही. मानूच शकला नसता, हे निघत नाही. सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने तुरुंगात लिहिताना हा फरक केला आणि तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तो आणखी काटेकोर केला. मुअतझिला या दुसऱ्या इस्लामी पंथाचे पंडित हेच निराळ्या वाटेने सांगत: ज्ञान ज्ञेयाच्या मागे चालतं. अबू लहबने नाकारलं म्हणून ईश्वराला ते ठाऊक. ईश्वराला ठाऊक म्हणून त्याने नाकारलं असं नव्हे. त्याने मानलं असतं, तर ईश्वराला अनादी काळापासून तेच ठाऊक असतं.

दुसरी चूक हुशार लोकांची: एवढ्यावर प्रश्न सुटला असं समजणं. विरोधक लगेच विचारेल, 'ते ज्ञान काल होतं ना? काल तर कुणाच्या हातात नसतो.' घडून गेलेलं बदलता येत नाही आणि त्यातून जे निश्चित निघतं तेही बदलता येत नसेल, तर आपण पुन्हा मूळपदावर आलो. खरा पेच हा आहे.

बोएथियसचं उत्तर असं की ईश्वराला 'काल' नसतोच. सगळा काळ तो एकदम, समोर असल्यासारखा पाहतो, आणि समोर चालणाऱ्या माणसाकडे पाहिल्याने त्याच्यावर सक्ती होत नाही. उत्तर सुंदर आहे, पण अबू लहबच्या बाबतीत ते तोकडं पडतं. ईश्वर काळाबाहेर असेल. सुरा काळाबाहेर नव्हती, ती मक्केत माणसांच्या तोंडी होती. हीच अडचण ख्रिस्ती परंपरेत येशूचा शिष्य पेत्र याच्या रूपाने येते. 'कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील' असं येशू त्याच्यासमोर बोलला होता. बोललेला शब्द भूतकाळात जमा झाला.

इथे पंडितांच्या वाटा फुटतात. चौदाव्या शतकातला विल्यम ऑफ ओकम म्हणतो की अशा भाकितांत एक न बोललेली अट असते. लुईस द मोलिना हा जेसुइट या कॅथलिक संघाचा पंडित १५८८ मध्ये वेगळीच वाट काढतो: कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करेल हे ईश्वराला जग घडवण्याआधीच ठाऊक असतं. त्यावरून डोमिनिकन हा दुसरा कॅथलिक संघ आणि जेसुइट इतके भांडले की पोप पाचव्या पॉलने १६०७ मध्ये निकाल न देताच सुनावणी संपवली. राझीच्या पेचावर बैदावीसारखे कुराणाचे भाष्यकार मूळ मजकूर पुन्हा वाचायला सांगतात: सुरेत आगीची शिक्षा आहे, 'तो श्रद्धा ठेवणार नाही' हे शब्द नाहीत, आणि शिक्षा इतर पापांचीही असू शकते. मला हे उत्तर पळवाट वाटत नाही. निदान यातून कळतं की राझीचा पेच सुरेवर आणि तिच्या एका अर्थावर मिळून उभा आहे.

तिसरी चूक ज्ञान आणि कर्तृत्व एकत्र करण्याची. 'मुसलमान नियतिवादी, कारण अल्लाहला सगळं ठाऊक' असं सर्रास बोललं जातं. सगळं ठाऊक असल्याचं तर मुअतझिलाही मानत, आणि तरी माणूस स्वतःच्या कृतीचा कर्ता असं ठासून सांगत. (माणूस मोकळा मानणाऱ्या कदरी मंडळींपैकी सुरुवातीचे काही हे ज्ञानच नाकारत, पण मुअतझिलांना त्यांच्यात मोजू नये.) अश्अरींशी मुअतझिलांचं भांडण होतं ते दुसऱ्या मुद्द्यावर: कृती निर्माण कोण करतं? अश्अरी म्हणत, ईश्वर निर्माण करतो, माणूस ती 'कस्ब' करतो, म्हणजे कमावतो. हा 'कस्ब' नक्की काय यावर त्यांच्या गोटातही शेवटपर्यंत एकमत झालं नाही. समोरचा पूर्वज्ञानाबद्दल बोलतोय की निर्मितीबद्दल, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: ईश्वराला फक्त ठाऊक असतं, आणि त्याने ते घडवलं नसतं, तर तुझा आक्षेप उरला असता का? उत्तर 'नाही' आलं, तर बोएथियस आणि मोलिना बाजूला ठेवून कस्ब उघडायला हवा.