रक्तातली साखर नळीत का घटते आणि ती घट कशी रोखावी

रक्त नळीत आले म्हणजे ते थांबले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना खायला लागते. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे तिची सगळी ऊर्जा ग्लुकोज फोडून त्याचे लॅक्टेट करण्यातूनच येते. साखर आत घ्यायला तिला इन्सुलिनही लागत नाही. शरीरात यकृत ही साखर सतत भरून काढते, नळीत मात्र भरणारे कोणी नाही. म्हणून साध्या नळीत, पेशींसकट ठेवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. उकाड्यात हा वेग वाढतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त काढले तेव्हा खरी साखर 128 होती. 126 आणि त्यापुढे मधुमेहाची मर्यादा सुरू होते. नळी साधी लाल झाकणाची होती आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायला साडेदहा वाजले. तासाला 6 टक्के धरले तर पहिल्या तासाअखेर 120, मग 113, आणि शेवटी 106. रिपोर्टवर 106 येईल आणि तो माणूस ‘मधुमेहपूर्व’ गटात बसेल. यंत्राची काहीच चूक नाही. त्याने जे नळीत उरले होते ते बरोबर मोजले.

हे टाळण्यासाठी सर्वांत आधी झाकणाचा रंग पाहावा. साखरेसाठी बहुतेक ठिकाणी राखाडी झाकणाची नळी असते. तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट किंवा ईडीटीए असते. फ्लोराइड इनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवते आणि साखर फोडण्याची साखळी तिथे तुटते.

नळी खुणेपर्यंत भरावी आणि लगेच 8 ते 10 वेळा हलकेच उलटसुलट करावी. पावडर तळाशीच राहिली तर वरच्या रक्ताला संरक्षण मिळत नाही. जोरात मात्र हलवू नये, पेशी फुटतात. एकाच वेळी अनेक नळ्या भरायच्या असतील तर राखाडी शेवटी घ्यावी, कारण तिच्यातले पोटॅशियम ऑक्झलेट पुढच्या नळीत गेले तर तिथले पोटॅशियम खोटे वाढते. त्याच कारणाने या नळीतून पोटॅशियमची तपासणीही करत नाहीत.

आता एक गोष्ट, जी माझ्या मते पुरेशी सांगितली जात नाही. फ्लोराइड लगेच काम करत नाही. इनोलेज साखळीच्या जवळजवळ शेवटी आहे. त्याच्या अलीकडची एन्झाइमे आणखी एक-दोन तास, कधी त्याहून जास्त, साखर आत ओढतच राहतात आणि पेशीतला ऊर्जेचा साठा संपल्यावरच थांबतात. म्हणजे आपल्या उदाहरणातली 128 राखाडी नळीतही पहिल्या तासात 120 च्या आसपास उतरू शकते. फरक एवढाच की पुढे ती जवळपास तिथेच टिकते, अगदी दिवसभरसुद्धा. पण 126 ची रेघ तेवढ्यातच ओलांडली गेलेली असते.

त्यामुळे नेमका आकडा हवा असेल तर फ्लोराइडसोबत थंडी आणि घाई दोन्ही हवीत. नळी काढताक्षणी बर्फमिश्रित पाण्यात उभी करावी आणि 30 मिनिटांच्या आत फिरवून प्लाझ्मा पेशींपासून अलग करावा. ते जमत नसेल तर सायट्रेट असलेली साखरेची खास नळी मागावी. सायट्रेट रक्त आम्लधर्मी करते आणि साखळीच्या सुरुवातीचीच एन्झाइमे बंद पाडते, म्हणून पहिल्या तासातली घटही वाचते. लॅबला दोनच प्रश्न विचारा: रक्त काढल्यापासून किती वेळात फिरवले जाते, आणि तोपर्यंत ते कुठे ठेवता?

रिपोर्ट हातात आल्यावर गडबड कशी ओळखावी? माणूस ठणठणीत आहे, घाम नाही, थरथर नाही आणि साखर 45 आली, तर आधी नळीवर संशय घ्यावा. त्याच रक्तात पोटॅशियमही विनाकारण वाढलेले असेल तर संशय बळावतो, कारण बराच वेळ पडून राहिलेल्या पेशींतून ते बाहेर झिरपते. काही ल्युकेमियांत पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतात. त्या इतक्या झपाट्याने साखर खातात की थोड्याच वेळात आकडा कोसळतो, आणि अशा रक्तात एकट्या फ्लोराइडवर विसंबून चालत नाही. तिथे रक्त काढताक्षणी बर्फात ठेवून लगेच फिरवावे लागते. सीमेवरचा आकडा आला आणि नळी उशिरा पोचल्याचे कळले, तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी नवे रक्त द्यावे. मधल्या वेळेची टक्केवारी उलटी लावून जुना आकडा दुरुस्त करता येत नाही, कारण प्रत्येकाच्या पेशींचा वेग वेगळा असतो.