थकलेल्या ओव्हरटाइमचं पत्र: तारीखवार लिहा

रत्नागिरीकडे मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात बोटी उशिरा लागल्या की कंत्राटी माणसाला थांबावंच लागतं. पैसे मागितले की ठेकेदार म्हणतो, "बघू पुढच्या महिन्यात." मी दोनदा नुसतं "बाकी द्यावी" असं लिहून दिलं, काही झालं नाही. तिसऱ्यांदा हिशोबच पत्रात उतरवला.

आधी तासाचा दर काढा. माझा रोज ८ तासांना ५६० रुपये, म्हणजे तासाला ७०. कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणून १४०. साध्या दराने मागणी केलीत तर अर्धे पैसे तिथेच गेले. मग पत्रात असं लिहा:

"माझी सुट्टी सायंकाळी ५ ला होते. आठवड्याचे ४८ तास भरून खालील जादा काम केले:
४ नोव्हेंबर, ५ ते ८, ३ तास
७ नोव्हेंबर, ५ ते ७, २ तास
१२ नोव्हेंबर, ५ ते ९, ४ तास
एकूण ९ तास × १४० = १,२६० रुपये. ही रक्कम १५ दिवसांत द्यावी."

पत्र ठेकेदाराच्या नावे, पण प्रत कारखान्याच्या व्यवस्थापकालाही द्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि हे त्यांना ठाऊक असतं. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नाकारली तर स्पीड पोस्टाने नोंदणी करून पाठवा.

थोडे पैसे देऊन "पूर्ण रक्कम मिळाली" अशा व्हाउचरवर सही मागतील. ती करू नका, मिळालेला आकडा लिहूनच सही करा.