जोडी खरी की योगायोग?

दुकानाच्या महिन्याच्या बिलांतून एकत्र विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जोड्या काढताना नुसती दोन्ही वस्तू एकत्र आलेली बिलं मोजू नका. समजा 10,000 बिलं आहेत. पोहे 600 बिलांत, शेंगदाणे 900 मध्ये, साखर 4,000 मध्ये. पोहे-शेंगदाणे एकत्र 270 वेळा, पोहे-साखर 260 वेळा. आकडे जवळपास सारखेच, पण योगायोगाने किती आले असते ते काढा: शेंगदाण्यांसाठी 600 × 900 ÷ 10,000 म्हणजे 54, साखरेसाठी 240. शेंगदाण्यांची जोडी पाचपट निघाली. साखर काय, सगळेच नेतात. म्हणून पोह्यांशेजारी शेंगदाणे लावा. कॅरीबॅग आधीच वगळा, नाहीतर ती प्रत्येक जोडीत घुसते. आणि श्रावणातल्या साबुदाणा-शेंगदाण्यांची तुलना आदल्या महिन्याशी नको, गेल्या श्रावणाशी करा.