जिममध्ये रोज दिसणाऱ्या व्यक्तीचा नंबर हवाय? आधी आपला द्या

प्रवासात ओळख झालेल्या माणसाला नंबर मागितला आणि तो नाही म्हणाला, तर विषय तिथंच संपतो. जिममध्ये तो संपत नाही. समोरच्या मुलीने तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली असते. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये तिला संध्याकाळचा तेवढा एकच तास जमतो. आज नाही म्हटलं तरी उद्या तोच माणूस शेजारच्या ट्रेडमिलवर असणार, हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून ती हसून वेळ मारून नेते किंवा नको असताना नंबर देऊन टाकते.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे. लातूर, परभणी, बीडच काय, छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरातही बॅचमध्ये कुणाचा तरी चुलतभाऊ, कुणाच्या तरी कॉलनीतलं कुणी असतंच. "जिममध्ये एक जण नंबर मागायला होता" ही बातमी घरी पोचली की विचारणाऱ्याचं काही बिघडत नाही. जिला विचारलं, तिची जिम बंद होते. त्यामुळे नंबर मिळवणं हा प्रश्न दुसरा. समोरच्या माणसाला एका पैशाचाही त्रास न होता नाही म्हणता आलं पाहिजे, हा पहिला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणात मुलगा विचारतोय, पण विचारणारी मुलगी असली तरी पद्धत हीच.

काही जणांना विचारायचंच नाही. १८ वर्षांखालच्या कुणालाही नाही. अकरावी-बारावीची मुलं असलेल्या क्लासमध्ये हा विषयच नको. ट्रेनर, योगशिक्षिका किंवा रिसेप्शनवरच्या मुलीला नाही, कारण तुमच्याशी गोड बोलणं हे त्यांचं काम आहे आणि ते सोडून त्यांना निघून जाता येत नाही. आणि तुम्हीच शिकवणारे असाल, तर आपल्या बॅचमधल्या कुणालाही नाही.

पायरी १ : ओळख खरंच झालीय का, ते तपासा

रोज दिसणं म्हणजे ओळख नव्हे. तीन-चार आठवडे जाऊ द्या. त्या काळात किमान पाच-सहा वेळा दोन-चार मिनिटांचं बोलणं झालेलं असावं, आणि त्यातलं दोन-तीनदा तरी समोरून सुरू झालेलं असावं. हा हिशेब महत्त्वाचा आहे. तुम्ही विचारता आणि ती उत्तर देते, एवढंच होत असेल तर तो शिष्टाचार झाला. तिने आपणहून "काल आला नाहीत?" असं विचारलं, कानातले इअरबड काढून बोलली, तुमच्या प्रश्नावर उलटा प्रश्न केला, तर बोलायची इच्छा दोन्हीकडे आहे असं धरता येतं.

उलट खुणाही असतात. तुम्ही आलात की ती मशीन बदलते. उत्तर देताना हात थांबत नाहीत, नजर आरशातच राहते. तुमचं नाव माहीत असूनही ती "दादा" म्हणते. आपल्याकडे अनोळखी माणसालाही दादा म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याचा काही अर्थ लावू नका. पण महिनाभराच्या ओळखीनंतर ती नाव टाळून मुद्दाम दादा म्हणत असेल, तर तिने न विचारताच उत्तर दिलेलं आहे. तिथंच थांबा.

पायरी २ : जागा आणि वेळ

सेट चालू असताना कधीच नाही. बेंचवर आडवं पडलेल्या किंवा हातात वजन धरलेल्या माणसाला हलता येत नाही. पाण्याच्या कूलरपाशी नको, तिथं मागे रांग असते. चेंजिंग रूमच्या दारात नको. सगळ्यांत मोठी चूक पार्किंगमध्ये होते. लोकांना ती जागा निवांत वाटते, पण संध्याकाळी साडेसातला अंधारात, स्कूटीची किल्ली लावत असताना कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की कुठल्याही मुलीच्या मनात पहिला विचार सुटकेचाच येतो.

योग्य जागा म्हणजे व्यायाम संपल्यावर बुटांच्या रॅकजवळ किंवा रिसेप्शनच्या पुढे, जिथं उजेड आहे, चार माणसं दिसतायत, पण शब्द ऐकू येतील इतकी जवळ नाहीत. दार तिच्या बाजूला राहू द्या. तुम्ही दार आणि ती यांच्यामध्ये येता कामा नये. दोन हात अंतर ठेवा आणि अगदी समोर न राहता थोडं तिरकं उभे राहा. बरोबर मित्र नको, आणि लांबून बघणारा मित्रही नको. ते लगेच कळतं.

निघायच्या बेतात तुम्ही असावं, ती नव्हे. बोलून झाल्यावर तुम्ही निघून गेलात की तिला उत्तरासाठी उभं राहावं लागत नाही.

पायरी ३ : मागू नका, द्या

"तुमचा नंबर द्या ना" या वाक्यात तिला तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणावं लागतं. आपला नंबर दिला की निर्णय ती घरी जाऊन घेते, किंवा घेतच नाही. न केलेला मेसेज हा सगळ्यात सोपा नकार आहे.

छत्रपती संभाजीनगरात गारखेडा भागातल्या एखाद्या जिमची संध्याकाळची बॅच धरून चालू. तो २८ वर्षांचा, बँकेत. ती वाळूजच्या कंपनीत. महिनाभर बोलणं आहे, रविवारी सकाळी गोगाबाबा टेकडी चढण्याचा विषय दोनदा निघालाय, आणि एकदा तो तिनेच काढलाय. आज तो बूट घालून बॅग खांद्याला लावतो आणि म्हणतो :

"मी निघायलोय, एक सांगायचं होतं. तुमच्याशी बोलायला छान वाटतं. कधी कॅनॉटला चहा घ्यायला आवडेल मला. बॅचच्या ग्रुपवर माझा नंबर आहेच. वाटलं तर मेसेज करा, नाही वाटलं तर काहीच नाही, उद्या आपलं नेहमीसारखंच. चला, येतो."

सगळं मिळून वीस सेकंद. यात "तुम्ही" आहे. ती तू म्हणेपर्यंत तू नको. हेतू झाकलेला नाही. "डाएट चार्ट पाठवतो", "नोट्स पाठवतो" असं निमित्त करून नंबर घेतला आणि मग रात्री "जेवलात का" सुरू झालं, तर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे. दिसण्याबद्दल, शरीराबद्दल, कपड्यांबद्दल एक शब्दही नको. जिममध्ये माणूस घामेजलेला, अंगासरशी कपड्यांत असतो. तिथं कौतुकही नजर ठेवल्यासारखं लागतं.

ग्रुपचा उपयोग एवढाच. हातात काही द्यावं लागत नाही, म्हणून आजूबाजूच्यांना काही दिसत नाही. भर बॅचमध्ये हातात चिठ्ठी दिली की महिनाभर चर्चा चालते. ग्रुप नसेल तर मात्र "माझा नंबर देऊ का?" असं विचारा, आणि ती हो म्हणाली तरच सांगा.

याच ग्रुपमधून तिचा नंबर उचलून मेसेज करणं, ट्रेनरला तो मागणं किंवा रजिस्टरमध्ये बघणं मात्र सरळ चूक आहे. तिने नंबर बॅचला दिला होता, तुम्हाला नाही.

पायरी ४ : उत्तर ओळखा

आपल्याकडे तोंडावर "नाही" फार कमी लोक म्हणतात. "बघू", "सांगते नंतर", "मी व्हॉट्सअ‍ॅप फारसं बघत नाही", "सध्या लई गडबड चाललीय", नुसतं हसून "बरं", हे सगळे नकार समजा. "घरच्यांना आवडत नाही" हाही नकारच. त्यावर "घरच्यांना कशाला सांगता" म्हणालात, की तिची पळवाट तुम्हीच बंद केली. कारण विचारायचं नाही, कारण खोडायचं तर त्याहून नाही. "काही हरकत नाही, भेटू उद्या" एवढं म्हणून निघायचं.

तिने आपणहून नंबर सांगितला, तर तो लिहून घ्या आणि तिथं मिस कॉल देऊ नका. ही आपली जुनी सवय आहे, "थांबा, मिस कॉल देतो, सेव्ह करा". पण त्यामुळे तिने दिलेला नंबर खरा की खोटा, हे तिच्यासमोरच तपासलं जातं. संकोचापोटी चुकीचा आकडा सांगितलेली मुलगी त्या क्षणी पकडली जाते. तिची ती मोकळीक राहू द्या.

मेसेज त्याच दिवशी, रात्री नऊच्या आत, एकच. "मी जिममधला अमुक. रविवारी सकाळी सातला आम्ही चौघं टेकडीवर चाललोय, यायचं असेल तर सांगा." नाव आणि ठरलेला बेत, बस. फोन करू नका. तिचा फोन घरी कुणाच्या हातात असेल ते तुम्हाला माहीत नसतं. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नाही, "??" नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये "मेसेज बघितला का" तर मुळीच नाही.

पायरी ५ : दुसरा दिवस

खरी परीक्षा इथं असते, आणि बहुतेक जण इथंच चुकतात. कुणी तोंड फिरवतं, कुणी दुप्पट गोड वागतं. दोन्हींतून तिला एकच कळतं, की तिच्या नकाराचा हिशेब ठेवला जातोय. आधी जेवढं बोलत होतात तेवढंच, किंवा थोडं कमी बोला. आधी रोज हसून मान हलवत असाल तर आजही हलवा. दोन-तीन आठवडे संवाद तिलाच सुरू करू द्या. मित्रांना काही सांगू नका, कारण ते तिच्याकडे बघायला लागतात.

पुन्हा विचारायचं नाही. सहा महिन्यांनीही नाही. तिचं मन बदललं तर तुमचा नंबर कुठं आहे, हे तिला माहीत आहे.

इथं कायद्याचीही एक रेघ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक वाढवण्यासाठी पुरुषाने तिचा पाठलाग करत राहणं, पुन्हापुन्हा संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा झाला तर ५ वर्षांपर्यंत.

आणि तुम्ही विचारल्यानंतर ती अचानक सकाळच्या बॅचला जायला लागली, तर रिसेप्शनवर चौकशी करू नका आणि आपली वेळही बदलू नका.