ग्रेडेड-इंडेक्स फायबरचा लिंक बजेट मांडताना या चुका टाळा

गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये फायबरच्या जोडण्या तपासण्याचे आणि नव्याने आलेल्या मुलांकडून लिंक बजेट, म्हणजे वाटेतला तोटा वजा जाता रिसीव्हरला पुरेशी शक्ती उरते का याचा हिशेब, मांडून घेण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. चुका दर वर्षी त्याच होतात. त्यांतल्या बहुतेक आकडेमोडीच्या नसतात. प्रकाश गाभ्यातून नेमका कसा जातो हे न समजताच आकडे मांडायला बसल्यामुळे त्या होतात.

पहिली चूक चित्रातली आहे. ग्रेडेड-इंडेक्स फायबर म्हटले की मुले गाभ्याच्या दोन्ही कडांवर आपटत जाणारी नागमोडी, टोकदार रेषा काढतात. ते चित्र स्टेप-इंडेक्स फायबरचे आहे. ग्रेडेड-इंडेक्स गाभ्यात अपवर्तनांक अक्षावर सर्वाधिक असतो आणि कडेकडे जवळजवळ अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत जातो, त्यामुळे किरण कुठेही आपटत नाही. तो हळूहळू वाकतो, आवरणापर्यंत पोहोचण्याआधीच वळतो आणि अक्ष ओलांडून पलीकडे जातो. ही वाट साइन वक्रासारखी दिसते. 50/125 फायबरच्या गाभ्याची त्रिज्या 25 मायक्रोमीटर आणि सापेक्ष अपवर्तनांक-फरक 0.01 धरला, तर एका पूर्ण लाटेची लांबी पुढीलप्रमाणे निघते.

```
L = 2πa / √(2Δ) = 2π × 25 µm / 0.1414 ≈ 1.1 mm
```

म्हणजे एका किलोमीटरमध्ये किरण सुमारे 9 लाख लाटा पूर्ण करतो. हे कळल्यावर एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो की वाट वाकडी असल्याने ती लांब असणार, म्हणून प्रति किलोमीटर डेसिबलचा आकडा वाढवून घ्यायला हवा. त्याने इथे हिशेब पुरा करावा असे मला वाटते. अगदी कडेपर्यंत जाणाऱ्या किरणाचा सर्वांत मोठा उतार 0.14 आहे आणि त्याची वाट सरळ अंतरापेक्षा जेमतेम अर्धा टक्का लांब भरते. एका किलोमीटरला 5 मीटर जादा, आणि 3 डेसिबल प्रति किलोमीटर या दराने त्याचा ऱ्हास 0.015 डेसिबल. शिवाय केबलच्या माहितीपत्रकातला दर केबलच्या लांबीवरच मोजलेला असतो. सगळ्या वाटांचा परिणाम त्यात आधीच आलेला असतो. लांबी केबलचीच धरावी.

मग किरणांच्या वाटेचा बजेटशी संबंध कुठे येतो? तो सांध्यावर येतो, आणि माझ्या यादीतली दुसरी, सर्वांत त्रासदायक चूक तिथेच आहे. ग्रेडेड-इंडेक्स गाभा अक्षाजवळ मोठ्या कोनात येणारा प्रकाश स्वीकारतो, पण कडेकडे हा स्वीकार-कोन कमी होत शून्यावर येतो. त्यामुळे 62.5 मायक्रोमीटरच्या गाभ्यातून 50 च्या गाभ्यात प्रकाश शिरताना बाहेरचा घेर तर वाया जातोच, आतल्या भागातलेही तिरके किरण निसटतात. गाभा पूर्ण भरलेला असेल तर कागदावरचा तोटा असा येतो. पहिल्या ओळीत गाभ्यांचे व्यास आहेत, दुसरीत त्यांचे न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे स्वीकार-कोनाचे माप.

```
20·log10(62.5/50)    = 1.9 dB
20·log10(0.275/0.20) = 2.8 dB
                       4.7 dB
```

उलट दिशेने, म्हणजे 50 मधून 62.5 मध्ये जाताना, हा तोटा जवळजवळ होत नाही.

वेर्णा पठारावरच्या एका कारखान्यात प्रवेशद्वारापासून नियंत्रण कक्षापर्यंत 1100 मीटर जुनी 62.5/125 केबल होती आणि तिच्यावर 1300 नॅनोमीटरच्या एलईडीवर चालणारे 100BASE-FX चे कन्व्हर्टर होते. नियंत्रण कक्ष नव्या शेडमध्ये हलवला, तेव्हा कंत्राटदाराने 300 मीटर केबल वाढवली. दोन्ही केबलींचे वेष्टण नारिंगी होते, म्हणून दोन्ही एकच असे सर्वांनी गृहीत धरले. बजेट व्यवस्थित दिसत होता: 1.4 किलोमीटरला 1.5 च्या दराने 2.1 डेसिबल, कनेक्टरच्या तीन जोड्यांना 0.75 प्रमाणे 2.25, दोन स्प्लाइसना 0.3 प्रमाणे 0.6, एकूण 4.95. ट्रान्समीटर किमान -20 डीबीएम देतो आणि रिसीव्हरला -31 पुरतात, म्हणजे हाती 11 डेसिबल. सुमारे 6 डेसिबल शिल्लक पाहून सगळे निर्धास्त झाले. तपासणीही झाली, पण ती फक्त नव्या शेडकडून प्रकाश सोडून, आणि 3.4 डेसिबल तोटा लिहून कागदावर सह्या झाल्या.

पहिल्या पावसानंतर लिंक मध्येच तुटू लागली. नव्या शेडमधल्या रिसीव्हरपाशी मी मोजले, तर -30.6 डीबीएम. कनेक्टरच्या तोंडावर जांभ्या दगडाची तांबडी धूळ ओलसर होऊन बसली होती. ती पुसल्यावर आकडा -27.3 वर आला. प्रशिक्षणार्थी म्हणाला, "सर, धूळच होती, काम झालं." मला ते पटले नाही, कारण तो जुना ट्रान्समीटर -20 देत होता आणि 7.3 डेसिबल तोटा 3.4 च्या नोंदीशी जुळत नव्हता. आम्ही प्रवेशद्वाराकडून पुन्हा तपासणी केली, 7.3 च आले. एकाच केबलीत दोन दिशांना 3.9 डेसिबलचा फरक दिसला, की सांधा पाहावा. नव्या केबलीचे वेष्टण टॉर्चच्या उजेडात वाचले, तर त्यावर 50/125 छापलेले होते. तोटा 4.7 ऐवजी 3.9 भरला, कारण 1100 मीटर चालून आलेल्या प्रकाशात कडेच्या वाटा आधीच क्षीण झालेल्या असतात. नव्या शेडकडून सोडलेल्या प्रकाशालाही फुकट काही मिळत नव्हते. त्या बाजूचा एलईडी 50 च्या गाभ्यात मुळातच सुमारे 3.5 डेसिबल कमी शक्ती घालू शकतो, आणि मीटरचा संदर्भ त्याच गाभ्याच्या पॅचकॉर्डने घेतलेला असल्याने ही उणीव तपासणीत दिसलीच नाही. ते 300 मीटर 62.5/125 ने बदलले. सांधा जुळता असता, तर तीच धूळ असतानाही -26.7 डीबीएम मिळाले असते.

तेव्हापासून केबलीवरचे अक्षर स्वतः वाचल्याशिवाय मी बजेटची पहिली ओळ लिहीत नाही, आणि तपासणी दोन्ही टोकांकडून करतो. रंगावर विसंबणे हा आळस आहे. पाच मिनिटे वाचवण्यासाठी एकाच बाजूने तपासणी आटोपणाऱ्यांचे काम मी परत पाठवतो.

850 नॅनोमीटरच्या उपकरणासाठी 1300 चा दर वापरू नये. नियोजनात 850 ला 3 ते 3.5 आणि 1300 ला 1.5 डेसिबल प्रति किलोमीटर धरावे.

डीबीएममधून डेसिबल वजा होतात, पण दोन डीबीएम आकड्यांची बेरीज करू नये.

शेवटची चूक घाई करणाऱ्यांची आहे: शक्ती उरली म्हणून अंतर वाढवणे. 1000BASE-SX ला 7.5 डेसिबल मिळतात. 3 च्या दराने, कनेक्टरचे 1.5 वजा केले तरी, कागदावर 2 किलोमीटर येतात, पण 500 मेगाहर्ट्झ-किलोमीटर बँडविड्थच्या 50/125 फायबरवर मर्यादा 550 मीटरच आहे. कडेचा किरण लांब वाटेने जातो, पण कमी अपवर्तनांकाच्या भागात वेगाने धावतो, म्हणून तो अक्षावरच्या किरणाबरोबर जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. प्रत्यक्ष गाभ्यातल्या अपवर्तनांकाचा उतार आदर्श नसल्याने हा ताळमेळ पूर्ण बसत नाही आणि स्पंद पसरतात. पसरलेल्या स्पंदांवर पॉवर मीटर मात्र उत्तम आकडा दाखवत राहतो, म्हणून मी डेसिबलच्या हिशेबाखाली अंतराची मर्यादा वेगळी लिहितो आणि दोहोंतले लहान अंतर घेतो.