या चुका टाळा: स्पर्धेतलं चित्र हातचं की एआयचं, हे फोटोवरून ठरवताना

मागच्या वर्षी एका ऑनलाइन चित्रस्पर्धेचं परीक्षण करत होतो. विषय नागपूर, म्हणजे फुटाळा तलावावरची संध्याकाळ डझनभर तरी येणारच. त्यातली दोन चित्रं शेजारी ठेवली. एक इतकं गुळगुळीत की कॅनव्हासचा धागा कुठे दिसेना. दुसऱ्यात रंगाचे जाड थर, सुरीने थापल्यासारखे. सोबतचा परीक्षक म्हणाला, "सर, पहिलं एआयचं दिसून राहिलं. दुसरं पक्कं हातचं." मीही हो म्हटलं. दोन्ही निकाल उलटे निघाले.

पहिली चूक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पाहण्याची. हिशेब करून पाहा. चित्र 18 बाय 24 इंचांचं, म्हणजे लांब बाजू 61 सेंटिमीटर. कॅनव्हासला सेंटिमीटरमागे बारा धागे धरले, तर त्या बाजूत साधारण 730 धागे झाले. मूळ फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल तर एका धाग्याला पाचेक पिक्सेल मिळतात आणि वीण स्पष्ट दिसते. तोच फोटो आकसून 1600 पिक्सेलवर आला की धाग्याच्या वाट्याला जेमतेम दोन उरतात. मग वीण पुसली तरी जाते, नाहीतर कापडावर नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. त्यात संध्याकाळी घरातल्या मंद दिव्याखाली फोटो काढला असेल, तर मोबाइल फोटोतले दाणे घालवण्याच्या नादात ब्रशच्या बारीक रेघाही सपाट करतो. त्या गुळगुळीत चित्राचं नेमकं हेच झालं होतं. मूळ फाइल मागवली, तर आकाशात वीण होती आणि किनाऱ्याच्या झाडांत ती रंगाखाली बुजलेली होती. हातच्या कामात असंच असतं. पातळ रंगातून कापड डोकावतं, जाड रंगात बुडतं. (गेसो म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा लेप; तो घासून गुळगुळीत करणारे, बोर्डावर रंगवणारे यांच्याकडे वीण मुळातच नसते. त्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.)

दुसरी चूक जाड रंगाला भुलण्याची. इथे मी फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रंगाचा उंचवटा ही खरी वस्तू आहे, त्यावर चमक पडते ती चित्रकाराच्या खोलीतल्या खिडकीची किंवा ट्यूबलाइटची. चित्रातला सूर्य कुठेही मावळो, सगळ्या उंचवट्यांची चमक खिडकीच्याच बाजूला हवी. दुसऱ्या चित्रात सूर्य उजवीकडे होता आणि पाण्यावरच्या प्रत्येक थराची उजवी कड चमकत होती. झाडाच्या सावलीत मात्र तेवढेच जाड थर बिनचमकीचे. म्हणजे रंगाच्या थरांवर उजेड पाडत होता तो रंगवलेला सूर्य!

मग फटकारे पाहिले. भरलेला ब्रश टेकतो तिथे रंग जास्त असतो, पुढे तो संपत जातो, केसांच्या रेघा विरळ होतात आणि शेवटी रंग फक्त विणीच्या माथ्यांना लागतो. नंतरचा फटकारा आधीच्याला कापून जातो. इथे रेघा मध्येच विरघळत होत्या, कोण कोणावर आहे ते कळेना, आणि एकही फटकारा नावेची कड ओलांडून चुकूनसुद्धा पाण्यात गेला नव्हता. एवढा संयम जाड ब्रशला नसतो.

तिसरी चूक म्हणजे एका फोटोवर निकाल देणं. आम्ही दोन्ही चित्रकारांकडून आणखी दोन-दोन फोटो मागवले: खोलीत अंधार, मोबाइल चित्रासमोर सरळ, टॉर्च कॅनव्हासला जवळपास समांतर, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. खऱ्या उंचवट्याच्या सावल्या बाजू बदलतात. पहिल्या चित्रात खालच्या झुडपांच्या सावल्या बदलल्या, शिवाय आकाशाखाली गेसोचे आडवे पट्टेही वर आले. दुसऱ्याचे फोटो आले तेव्हा वीण अगदी खरी होती. क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं. पण टॉर्च बाजू बदलत होता, विणीच्या सावल्या बदलत होत्या आणि जाड थरांच्या सावल्या होत्या तिथेच. ते कॅनव्हासवर काढलेलं प्रिंट होतं.

अशा प्रिंटवर पारदर्शक जेल फासलं तर उंचवटेही खरे होतात आणि टॉर्चची परीक्षा पास होते. तिथे उंचवट्याची रेघ आणि रंगाची कड जुळते का ते पाहावं. जेलचा फटकारा नाव, पाणी, किनारा असा सलग जातो, रंग मात्र त्याच्यासोबत ओढला गेलेला नसतो. एआयचं चित्र समोर ठेवून कुणी खऱ्या रंगात उतरवलं असेल, तर ब्रश काहीच सांगणार नाही. त्यासाठी अर्धवट टप्प्यांचे फोटो मागायचा नियम प्रवेशिका घेतानाच लिहावा लागतो, आणि आमच्या नियमांत तो नव्हता.