लाइट लागतो, पण गेमला कंट्रोलर दिसत नाही: दुरुस्तीच्या टेबलावरचा एक अनुभव

जळगावात संगणक दुरुस्तीच्या कामाला लागून मला आता सहा वर्षे होत आली आहेत. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी लागली की अमळनेर, पाचोरा, चोपडा या बाजूची मुले कंट्रोलर घेऊन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकाच वाक्यात असते: गेममध्ये कंट्रोलर दिसत नाही. या कामात नव्याने येणाऱ्याने ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारू नये, असे मला पहिल्यांदा सांगायचे आहे. कंट्रोलर नेमका कोणाला दिसत नाही, हे त्या वाक्यात नसते. विंडोजला दिसत नसेल तर दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधावा लागतो. विंडोजला दिसून गेमला दिसत नसेल, तर दोष मधल्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा दोघांच्या भाषेत असतो. एका मुलाच्या लॅपटॉपवर ही कारणे एकामागून एक उलगडत गेली, म्हणून तेच प्रकरण सविस्तर लिहितो.

अमळनेरचा बारावी झालेला एक मुलगा सकाळच्या गाडीने लॅपटॉप आणि पीएस४चा कंट्रोलर घेऊन आला. कंट्रोलर महिनाभरापूर्वीपर्यंत व्यवस्थित चालत होता, नंतर अचानक बंद पडला, असे त्याचे म्हणणे होते. तो आला तेव्हा केबल लावलेली होती आणि कंट्रोलरचा नारिंगी दिवा मंदपणे उजळत-विझत होता. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की कंट्रोलर चार्ज होत आहे. पुष्कळ मायक्रो-यूएसबी केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात, आणि अशा केबलवरही तो दिवा तसाच लागतो. म्हणून मी पहिल्यांदा डेटाची खात्री असलेली दुकानातली केबल लावली. विंडोजने नवे उपकरण जोडल्याचा आवाज केला, पण तो त्याच्या जुन्या केबलवरही येत होता. म्हणजे केबल निर्दोष होती.

त्यानंतर मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एक डिव्हाइस मॅनेजरची आणि दुसरी विंडोजच्या जुन्या गेम कंट्रोलर पॅनलची. हे पॅनल उघडण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून पुढील शब्द टाइप करावा लागतो:

```
joy.cpl
```

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलर होता, त्यावर पिवळे चिन्ह नव्हते, आणि हार्डवेअर आयडीमध्ये `VID_054C` दिसत होते, जो सोनीचा क्रमांक आहे. पॅनलमध्ये मात्र काहीच नव्हते. जिथे `Wireless Controller` हे नाव दिसायला हवे, ती यादी रिकामी होती. दोन खिडक्यांमधला हा विरोध फार बोलका असतो. डिव्हाइस मॅनेजर फक्त एवढेच सांगतो की उपकरण जोडलेले आहे आणि त्याचा ड्रायव्हर चढलेला आहे. पॅनलला मात्र गेमसारखेच ते उपकरण प्रत्यक्ष उघडून वाचावे लागते. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, याचा अर्थ मध्ये कोणीतरी दार अडवून बसले आहे.

मी त्याला विचारले, "आधी बटणांची अदलाबदल करणारे, रिमॅपिंगचे कोणते सॉफ्टवेअर टाकले होतेस का?" त्याने सांगितले की DS4Windows होते, पण गेम चालवण्याच्या स्टीम या ॲपमधूनच सगळे होते असे मित्राने सांगितल्यावर त्याने ते काढून टाकले. कसे काढले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले: फोल्डर डिलीट केले. इथे मला कारण सापडले.

DS4Windows हा पीएस४च्या कंट्रोलरच्या बटणांचे एक्सबॉक्सच्या बटणांत भाषांतर करणारा प्रोग्राम फोल्डरमधून थेट चालतो, पण त्याच्याबरोबर सहसा आणखी दोन गोष्टी ड्रायव्हर म्हणून स्वतंत्रपणे बसवल्या जातात. एक म्हणजे ViGEmBus, जो विंडोजपुढे एक्सबॉक्स ३६०चा खोटा कंट्रोलर उभा करतो. दुसरा HidHide, जो खरा कंट्रोलर इतर सर्व प्रोग्रामांपासून लपवतो आणि परवानगी दिलेल्या प्रोग्रामांनाच तो वाचू देतो. ही लपवाछपवी गरजेची असते, कारण गेमला खरा आणि खोटा असे दोन्ही कंट्रोलर दिसले, तर एकाच बटणाचे दोन दाब नोंदले जाऊ शकतात. मुलाने फोल्डर डिलीट केले तेव्हा भाषांतर करणारा प्रोग्राम गेला, पण HidHide जागेवरच राहिला. परवानगी फक्त त्या गेलेल्या प्रोग्रामला होती, त्यामुळे स्टीम, गेम आणि पॅनल या कोणालाच कंट्रोलर उघडता येत नव्हता.

स्टार्ट मेनूमधून HidHide चे कॉन्फिगरेशन उघडल्यावर `Devices` या टॅबवर त्याच्या कंट्रोलरपुढे खूण केलेली दिसली. मी ती खूण काढली, `Enable device hiding` बंद केले आणि केबल काढून पुन्हा लावली. पॅनलमध्ये `Wireless Controller` लगेच उमटले. त्याच्या `Properties` मध्ये काड्या हलवल्या की छोटे अधिक-चिन्ह हलत होते.

इथे एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. असे ड्रायव्हर काढायचे असतील तर ते सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतूनच काढावेत आणि नंतर संगणक रीस्टार्ट करावा. त्यांच्या फाइली हाताने पुसणे धोक्याचे आहे. HidHide हा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस ज्या वर्गात येतात त्याच वर्गावर गाळणीसारखा बसतो. फाइल गेली आणि रजिस्ट्रीतील नोंद राहिली, तर त्या वर्गातील उपकरणे सुरूच होत नाहीत. अशा वेळी ग्राहक कंट्रोलरची तक्रार घेऊन येतो आणि यूएसबी कीबोर्ड आणि माऊसही न चालणारा लॅपटॉप घेऊन परत जातो.

पॅनलमध्ये कंट्रोलर आला म्हणून मुलाला आनंद झाला, त्याने स्टीममधून गाड्यांच्या शर्यतीचा आपला गेम उघडला आणि थोड्याच वेळात माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, पॅनलमा चालस, पन गेममा चालत नही."

हा दुसरा प्रकार नवीन माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण आता कुठेही दोष दिसत नाही. कारण भाषेचे आहे. विंडोजवर गेमने कंट्रोलर वाचण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. डायरेक्टइनपुट ही जुनी पद्धत कोणत्याही कंट्रोलरला स्वीकारते, पण बटणांना केवळ क्रमांक देते. पहिले बटण कोणते आणि दुसरे कोणते, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवलेले असते. एक्सइनपुट ही पद्धत २००५मध्ये एक्सबॉक्स ३६०बरोबर आली. तिच्यात ए बटण म्हणजे ए आणि उजवा ट्रिगर म्हणजे उजवा ट्रिगर, हे पक्के असते. म्हणून गेम बनवणाऱ्यांना तीच सोपी पडते. पण ती केवळ एक्सबॉक्सच्या नमुन्याचे कंट्रोलर ओळखते आणि एका वेळी फक्त चार जागा मोजते, ० ते ३. केवळ एक्सइनपुट वापरणारा गेम या चार जागांवर कोणी आहे का एवढेच विचारतो. पीएस४चा कंट्रोलर त्या यादीत नसतो, म्हणून प्रत्येक जागेवरून त्याला उत्तर मिळते की उपकरण जोडलेले नाही, आणि पॅनल मात्र जुन्या पद्धतीने वाचत असल्यामुळे त्याला तोच कंट्रोलर स्पष्ट दिसतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

म्हणून मध्ये दुभाषा लागतो. DS4Windows दुभाष्याचे काम करत होते, तसेच ते स्टीमही करते, परंतु या मुलाने पूर्वी दोन्ही एकमेकांत अडकू नयेत म्हणून गेमच्या `Properties` मधील `Controller` या भागात `Disable Steam Input` निवडून ठेवले होते. त्या वेळी ते योग्यच होते. DS4Windows गेल्यावर मात्र तो पर्याय तसाच राहिला आणि भाषांतर करणारे कोणीच उरले नाही. मी तिथे `Enable Steam Input` निवडले, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, आणि मेनूमध्ये बटणांची चिन्हे बदललेली दिसली. गेम पुन्हा उघडणे आवश्यक आहे, कारण काही गेम सुरू होताना एकदाच कंट्रोलर शोधतात.

येथे एक मर्यादा आहे. स्टीमचे हे भाषांतर स्टीममधून उघडलेल्या गेमपुरतेच असते. दुसरीकडून घेतलेला गेम स्टीमच्या लायब्ररीत बाहेरचा गेम म्हणून जोडून तिथूनच चालवावा लागतो, आणि दुसऱ्या लाँचरमधून सुरू होणाऱ्या काही गेममध्ये तेही लागू पडत नाही.

तीन आठवड्यांनी त्याच मुलाचा फोन आला. आता कंट्रोलर दिसत होता, पण मेनूमध्ये खाली एकदा दाबले की निवड दोन ओळी खाली जात होती. मी त्याला पॅनल उघडून त्यातील नावे अक्षरशः वाचायला सांगितले. फोनवर काम करताना "दिसते का" असा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी हो किंवा नाही एवढेच मिळते. स्क्रीनवरचा शब्द वाचायला सांगितला तर चूक होण्याची शक्यता कमी होते. त्याने दोन नावे वाचली: `Wireless Controller` आणि `Controller (XBOX 360 For Windows)`. त्याच्याकडे एक्सबॉक्सचा कंट्रोलर नव्हता, म्हणजे दुसरे नाव खोट्या कंट्रोलरचे होते. बाहेरच्या एका गेमसाठी त्याने DS4Windows पुन्हा उतरवले होते, आणि ViGEmBus पूर्वीचाच शिल्लक असल्यामुळे ते विनातक्रार सुरू झाले होते. आता एकाच कंट्रोलरचे भाषांतर DS4Windows आणि स्टीम अशा दोन ठिकाणी होत होते आणि दोन्ही खोटे कंट्रोलर गेमपर्यंत पोहोचत होते.

मी त्याला निवड करायला सांगितली. दोन्हीकडचे गेम खेळायचे असल्यामुळे DS4Windows ठेवणे त्याला सोयीचे होते. मग त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे स्टीममधल्या त्या गेमसाठी पुन्हा `Disable Steam Input` निवडले, HidHide मध्ये कंट्रोलरपुढे खूण करून लपवणे सुरू केले, `Applications` या टॅबवर DS4Windows ची exe फाइल आता जिथे आहे तिथून निवडून जोडली आणि केबल काढून लावली. पॅनल बंद करून पुन्हा उघडल्यावर त्याने एकच नाव वाचले, ते एक्सबॉक्सचे. फोन चालू ठेवूनच त्याने गेम उघडला, खालचे बटण सहा वेळा दाबले आणि निवड बरोबर सहा ओळी खाली जाऊन थांबल्याचे सांगितले.